पाण्याला भिणारी आई, न भिणारं लेकरू: पोहणं शिकवण्याचे सतरा दिवस

एप्रिलमध्ये परभणीचं ऊन चाळिशी ओलांडतं आणि महिला-मुलांच्या उन्हाळी बॅचसाठी फोन सुरू होतात. बहुतेक फोन आयांचे असतात आणि बोलणं साधारण एकाच वळणानं जातं. "लेकराला शिकवायचंय. पण मॅडम, मलाच पाण्याचं लई भ्या वाटतंय. मी काठावर बसले तर चालंल का?" मी म्हणते, बसा की. आणि येताना एक जादा टॉवेल आणा.

दोन वर्षांपूर्वी जिंतूरकडच्या एक ताई अशाच आल्या. वय ३८, सोबत आठ वर्षांची मुलगी. फॉर्म फक्त मुलीचा भरला होता. ताईंना लहानपणी मामानं कमरेला दोर बांधून विहिरीत सोडलं होतं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या असंच शिकवलं गेलं. कुणाला पाठीवर वाळलेला भोपळा, कुणाला पांगाऱ्याचा बिंडा, कुणाला नुसताच दोर. ताईंच्या वेळी दोर ढिला पडला, त्या दोनदा खाली गेल्या, नाकातोंडात पाणी गेलं. त्यानंतर एकोणतीस वर्षं त्यांनी डोक्यावरून पाणी घेताना कधी डोळे मिटले नव्हते. न्हाताना तांब्या आधी खांद्यावर ओतायच्या आणि मान तिरकी करून केस धुवायच्या.

या लेखात त्या दोघींचे सतरा दिवस सांगते. बारा दिवसांत होईल असं मला वाटलं होतं. पाच दिवस जास्त लागले आणि त्यातले दोन माझ्या चुकीमुळे लागले.

आधी तलाव बघून या, पाण्यात न उतरता

नाव नोंदवण्याआधी एकदा बॅच चालू असताना जा आणि काठावर दहा मिनिटं उभ्या राहा. खोल बाजूला जाऊन तळाकडे बघा. तळावरच्या रेषा आणि पाणी बाहेर जाण्याची जाळी स्पष्ट दिसायला हवी. पाणी हिरवट किंवा दुधाळ असेल आणि जाळी दिसत नसेल, तर तळाशी गेलेलं लेकरूही दिसणार नाही. अशा तलावात त्या दिवशी कुणीच उतरू नये. पाणी कधी बदललं एवढंच विचारण्यात अर्थ नाही. आपल्या भागात पाण्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. चांगला तलाव दर आठवड्याला रिकामा करत नाहीत, तेच पाणी रोज गाळतात आणि त्यात क्लोरीन राखतात. तेव्हा प्रश्न असा विचारा: "आज क्लोरीन किती आलं, पीएच किती?" क्लोरीन लिटरला साधारण १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ हे ठीक आहे. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे उत्तर देणारा माणूस वही उघडतो की हात हलवतो, ते बघा.

मग जाळीचं झाकण. ते स्क्रूनं घट्ट बसवलेलं असलं पाहिजे. तुटलेल्या किंवा निघालेल्या झाकणातून पाणी जोरानं ओढलं जातं आणि मोकळे लांब केस त्यात अडकू शकतात. आपल्याकडे टोपी सक्तीची करतात ती केस गळतात म्हणून, असा समज आहे. मी ती या कारणासाठीही सक्तीची करते. आधी घट्ट अंबाडा, मग टोपी.

तिसरी बघायची गोष्ट म्हणजे जीवरक्षक. शिकवणारी व्यक्ती आणि जीवरक्षक एकच असतील तर ती व्यवस्था अपुरी आहे. मी एका ताईच्या मानेखाली हात धरून उभी असते तेव्हा माझी पाठ बाकीच्या पाच जणींकडे असते. त्या वेळी फक्त बघणं हेच काम असलेला दुसरा माणूस काठावर पाहिजे. त्याच्या हाताशी दोर बांधलेली रिंग आणि तीन-चार मीटरचा बांबू हवा, आणि हातात मोबाईल नको. संध्याकाळची बॅच असेल तर तो बसतो कुठं, हेही बघा. सूर्य कलला की पाण्यावर चकाकी येते. पश्चिमेकडं तोंड करून बसलेल्याला ऊन डोळ्यांवर घेऊन फक्त चकाकी दिसते, पाण्याखालचं काही दिसत नाही. आमचा जीवरक्षक साडेचारच्या बॅचला पश्चिमेच्या काठावर, सूर्याकडं पाठ करून बसतो.

बायकांच्या वेळेत काठावर पुरुष कोण असेल, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, तिथं मोबाईल नेऊ देतात का, हे मोकळेपणानं विचारा. आमच्याकडे सगळ्यांचे मोबाईल दारातच एका ट्रेमध्ये ठेवतात, माझासुद्धा. विचारायला संकोच वाटला म्हणून पहिल्याच दिवशी परत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

घरची परात

ताई आल्या त्या दिवशी मी त्यांना पाण्यात घेतलंच नाही. घरी करायला एक काम दिलं. कणकेच्या परातीत किंवा पसरट घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं. तोंडानं श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातून हळूहळू हवा सोडत चारपर्यंत मोजायचं. मग चेहरा वर. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

पाण्याला भिणारा माणूस पाणी चेहऱ्यावर आलं की श्वास आत ओढून धरतो. घसा आवळतो, छाती ताठ होते आणि पाच-सात सेकंदांत जीव घाबरा होतो. त्या घाबरण्यात तो पुन्हा श्वास ओढतो, आणि तेव्हा नाकात पाणी शिरतं. नाकातून हवा बाहेर जात असेल तर पाणी आत येऊ शकत नाही. हे कळायला दोन दिवस लागतात, पण ते अंगात मुरलं की निम्मी भीती तिथेच उतरते.

एक छोटी अट मी आवर्जून घालते: चेहरा वर आल्यावर पुसायचा नाही. पाणी डोळ्यांवरून, ओठांवरून ओघळू द्यायचं. तलावात चेहरा पुसायला हात वर गेला की तोल जातो आणि तोल गेला की घाबरगुंडी उडते. ताईंना नाकातून हवा सोडणं जमायला एक दिवस लागला, न पुसता थांबणं जमायला तीन.

पाण्यातले पहिले तीन दिवस

पाण्यात उतरायचं ते शिडीकडं तोंड करून, दोन्ही हातांनी दांडा धरून, घरातल्या माळ्यावरून उतरतो तसं. उथळ बाजू कमरेपासून छातीपर्यंत असावी. आमच्याकडे ती १.१ मीटर आहे. पाणी छातीपर्यंत आलं की बहुतेक बायका म्हणतात, "मॅडम, श्वास घेता येईना." हे भीतीनं होत नाही. पाणी छातीवर सगळीकडून दाब देतं, त्यामुळं श्वास घ्यायला थोडा जोर लागतो. हे आधीच सांगून ठेवलं तर त्या वेळी धडधड वाढत नाही. पहिल्या दिवशी फक्त कठड्याचा दांडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, आधी पुढं, मग मागं, मग दांडा सोडून माझा हात धरून.

दुसऱ्या दिवशी परातीतलंच काम इथं. दांडा धरून आधी ओठ पाण्यात, मग नाक, मग कपाळ. गॉगल लावायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. मिटलेल्या डोळ्यांनी पाण्यात गेलेल्या माणसाला वर कुठं आणि खाली कुठं ते कळत नाही.

तिसरा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दिवशी मी उभं राहायला शिकवते. तरंगायला नंतर. बहुतेक ठिकाणी आधी तरंगवतात आणि पाय वर गेल्यावर बाई मान उचलून धडपडते. मान उचलली तरी पाय तळाला टेकलेले नसतात आणि तोंड पुन्हा पाण्यात जातं. म्हणून क्रम ठरलेला: पालथं असताना आधी दोन्ही गुडघे पोटाशी आणायचे, मग तळहातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला टेकले की शेवटी डोकं वर काढायचं. दांडा धरून हे पंधरा-वीस वेळा करायचं. पाय सुटले तरी मी परत उभी राहू शकते, हे शरीराला पटल्याशिवाय पुढं काही शिकवण्यात अर्थ नाही.

त्याच दिवशी शेवटची पाच मिनिटं मी तळाशी एक रुपयाचं नाणं टाकते आणि म्हणते, भरपूर श्वास घेऊन खाली बसा आणि नाणं उचला. पाणी छातीपर्यंत, तरी ते हाताला लागत नाही. अंग वर वर येतं. ताईंनी चार वेळा प्रयत्न केला. चौथ्यांदा वर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, ते पुसलं नव्हतं. म्हणाल्या, "मी खाली जाईना की हो!" भरलेली फुप्फुसं माणसाला वर उचलतात, आणि बायकांच्या अंगात चरबीचं प्रमाण पुरुषांपेक्षा साधारण जास्त असल्यानं त्यांना तरंगणं अनेकदा सोपं जातं. हे शब्दांत सांगून पटत नाही.

चौथ्या दिवशीची माझी चूक

चौथ्या दिवशी उताणं तरंगायचं होतं. मानेखाली माझा एक हात, कमरेखाली दुसरा. उताणं झोपलं की कान पाण्यात जातात आणि जगाचा आवाज एकदम बदलतो. स्वतःचा श्वास मोठा ऐकू येतो, बाहेरचं बोलणं गढूळ होतं. विहिरीत बुडालेल्या माणसाला हा आवाज ओळखीचा असतो. मला ते माहीत होतं. तरी ताई छान तरंगताहेत असं बघून मी त्याच वेळी कमरेखालचा हात काढला. त्यांनी झटक्यात कंबर मोडली, तोंड पाण्यात गेलं, ठसका लागला. त्या शिडीनं वर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

घाबरणाऱ्या माणसाला एका वेळी एकच नवी गोष्ट द्यायची. कान पाण्यात जाणं ही एक होती, आधार सुटणं ही दुसरी. आणि न सांगता हात काढणं ही तर चूकच. आता मी हात काढण्याआधी मोठ्यानं तीन मोजते आणि तिसऱ्या आकड्याला काढते, दुसऱ्याला कधीच नाही. "सोडत नाही, सोडत नाही" म्हणत हात सोडणारे शिक्षक मला अजून भेटतात. त्यांच्या हातून एखादीला त्या दिवशी तरंगणं जमतं, पण पुढं ती त्यांच्या शब्दावर विसंबत नाही.

भीती वर येते आहे हे बोलण्याआधी अंगावर दिसतं. खांदे कानांकडं चढतात, मुठी वळतात, ओठ घट्ट मिटतात आणि बडबडी बाई गप्प होते. असं दिसलं की मी एक पायरी मागं येते. पाण्याबाहेर मात्र नेत नाही, कारण घाबरून बाहेर गेलेला माणूस तोच शेवटचा क्षण घरी घेऊन जातो. दांड्याशी येऊन जे आधीच जमतं ते दोनदा करायचं आणि मग बाहेर पडायचं.

ताई सहाव्या दिवशी मुलीला सोडायला आल्या आणि पायरीवर बसल्या. मी माफी मागितली. आम्ही दुसऱ्या दिवसाचंच काम पुन्हा केलं. सातव्या दिवशी फक्त कान: दांडा धरून उभ्या राहून डोकं मागं टेकवायचं, कान पाण्यात, डोळे छताच्या पत्र्यावर. आठव्या दिवशी उताणं झोपणं, दोन्ही हात माझे. नवव्या दिवशी तीन मोजून एक हात. उताण्यावरून उभं राहताना हनुवटी छातीला लावायची, गुडघे पोटाशी घ्यायचे, हात मागून पुढं ओढायचे आणि बसल्यासारखं होऊन पाय टेकवायचे. हेही आधी आधारानं वीसेक वेळा.

मुलीचं प्रकरण वेगळं

आईला जेवढी भीती, तेवढीच मुलगी बिनधास्त. आम्हाला अशा मुलांचीच जास्त काळजी असते. चौथ्या दिवशी तिला दांडा धरून पाय मारता यायला लागले आणि सहाव्या दिवशी, मी आईशी बोलत असताना, ती एका मोठ्या मुलीच्या मागून मधल्या बाजूला उडी मारून मोकळी झाली. तिथं खोली दीड मीटर. ओरडली नाही, हात हलवले नाहीत. आई तीन मीटरवर पायरीवर बसलेली होती आणि तिला काही कळलं नाही. आमच्या जीवरक्षकानं बघितलं आणि बांबू पुढं न करता थेट उतरून उचललं, कारण लेकराला बांबू धरायचं भान राहत नाही. पाचसहा सेकंदांचं काम होतं. मुलगी खोकली, रडली आणि ठीक होती.

बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर येतं-जातं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग ओरडणार कसं? मान मागं पडलेली, डोळे काचेसारखे किंवा केसांनी झाकलेले, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत असलेले, पाय जवळजवळ स्थिर, अंग उभं. शिडी चढायचा प्रयत्न केल्यासारखं दिसतं, पण जागचं हलत नाही. असं फार तर मिनिटभर चालतं, लहान मुलांत त्याहूनही कमी. पाण्यात खेळणारं लेकरू एकदम शांत झालं तर नाव घेऊन हाक मारा. उत्तर आलं नाही तर लगेच उचला.

त्या दिवसानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. ज्यांना अजून येत नाही त्यांना लाल टोपी, आणि लाल टोपी दीड मीटरच्या पलीकडं दिसली की शिट्टी. १.२ मीटरला आडवा दोर आणि त्यावर तरंगते गोळे बांधले. मुलांची जोडी लावली: माझा जोडीदार कुठं आहे, हे शिट्टी वाजल्यावर प्रत्येकानं हात वर करून दाखवायचं. दर दहा मिनिटांनी डोकी मोजायची. आठ वर्षांखालची चार लेकरं असली की एक शिक्षिका पुरे. पाचवं आलं की दुसरी पाहिजे. घाबरणाऱ्या बायका असतील तर एकीकडं सहापेक्षा जास्त मी घेत नाही.

दंडाला बांधायचे फुगे आणि कमरेची रबरी ट्यूब यांवर माझा विश्वास नाही. फुगा घसरतो, हवा जाते. शिवाय फुग्यानं लेकरू उभं तरंगायला शिकतं, तर पोहायला आडवं व्हावं लागतं. फुगा काढल्यावर पाण्यात पुन्हा उभं राहायचा प्रयत्न करतं आणि खाली जातं. पाय मारायला हातात धरायचा फोमचा बोर्ड चांगला, कारण तो जीव वाचवतो असं कुणाला वाटत नाही.

मुलांची श्वास धरायची शर्यत मी पाण्याखाली कधीच लावू देत नाही. भराभरा दमछाक होईपर्यंत श्वास घेऊन खाली गेलेलं मूल घाबरण्याआधीच बेशुद्ध होऊ शकतं, कारण श्वास घ्यायची इच्छा जागी करणारा वायू आधीच बाहेर टाकलेला असतो.

कपडे, पाळी, कान

सुती पंजाबी ड्रेस पाणी पितो आणि अंगाला जड होतो. ओढणी तर पाण्यात नकोच. गुडघ्यापर्यंत, कोपरापर्यंत किंवा मनगटापर्यंत झाकणारे नायलॉन-लायक्राचे पोशाख मिळतात, त्यात कुणाला अडचण वाटत नाही. मंगळसूत्राचा प्रश्न दर बॅचला येतो. लांब मंगळसूत्र दांड्यात किंवा दुसरीच्या हातात अडकतं. ताईंनी पहिल्या दिवशी ते काढायला नकार दिला. मी आग्रह केला नाही, त्यांनी ते पोशाखाच्या आत आखूड गाठ मारून बसवलं. बांगड्या मात्र काढायच्या, काच पाण्यात दिसत नाही.

पाळीत पोहणं बंद ठेवायची वैद्यकीय गरज नसते. पॅड पाणी शोषून निकामी होतं, म्हणून कप किंवा टॅम्पॉन वापरणाऱ्या येतात, बाकीच्या चार दिवस सुट्टी घेतात. कानातून स्राव येत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. फिट येत असेल तर ते फॉर्ममध्ये लिहा आणि मला तोंडीही सांगा. लपवलेली फिट ही तलावातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. अशा व्यक्तीसोबत मी एक माणूस स्वतंत्र देते.

दहाव्या दिवसापासून खोल पाणी

दहाव्या ते बाराव्या दिवशी ताई भिंतीला पाय लावून सरकायला शिकल्या. हात पुढं ताणलेले, चेहरा पाण्यात, नजर तळाकडं, हवा नाकातून. दोन मीटर सरकायचं आणि उभं राहायचं. मग बोर्ड धरून पाय. पाय मांडीच्या सांध्यातून हलले पाहिजेत. ताईंचे गुडघे सायकल मारल्यासारखे वर यायचे आणि त्या जागच्या जागी राहायच्या. कठड्यावर पालथं झोपून, मांड्या जमिनीवर टेकवून पाच मिनिटं पाय हलवले की हे सुधारतं.

खोल बाजूला कुणी कधी जायचं, हे उत्साहावर ठरवायचं नाही. अमेरिकन रेड क्रॉसनं पाण्यात स्वतःला सांभाळण्याच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत, त्या मी आमच्या तलावाला जुळवून घेतल्या आहेत. पाय टेकत नाहीत अशा पाण्यात उतरून किंवा उडी मारून वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा पाणी तुडवणं, पूर्ण वळून बाहेर पडायची जागा शोधणं, साधारण २५ मीटर कुठल्याही पद्धतीनं जाणं, आणि शिडीशिवाय कठड्यावर चढून बाहेर येणं. या पाचांपैकी चार करता येतात आणि पाचवं येत नाही, अशा बायका पुष्कळ असतात. कठड्यावर हात दाबून चढायचं बळ दंडात नसतं. तेव्हा पोट कठड्यावर टाकून एक गुडघा वर घ्यायचा, तेही रोज पाच वेळा.

तेराव्या दिवशी ताई खोल बाजूला शिडीनं उतरल्या. एका हातात दांडा, मी बाजूला. पायाखाली काही लागलं नाही तेव्हा त्यांचे खांदे कानांकडं चढले. मी काही बोलले नाही. त्यांनी स्वतःच चेहरा पाण्यात घातला, चारपर्यंत हवा सोडली, वर आल्या, मग दांड्यावरची चार बोटं सोडली. करंगळी शेवटपर्यंत दांड्यावर होती. पंधराव्या दिवशी तीही सुटली. सोळाव्या दिवशी त्या उताण्या होऊन मिनिटभर तरंगल्या आणि सतराव्या दिवशी पाच गोष्टी झाल्या, २५ मीटर मात्र मध्ये तीनदा उताणं विसावून.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना रोजच्या कपड्यांत उतरवते, उथळ पाण्यात, दोघीदोघींना. सलवार पायाला चिकटते, कुर्ता फुगतो, चालणंसुद्धा जड जातं. कारण विहिरीत, नदीत, शेततळ्यात कुणी पोहायच्या पोशाखात पडत नाही.

शेततळं म्हणजे तलाव नव्हे

इथं शिकलेलं गोदावरीच्या पात्रात किंवा शेततळ्यात जसंच्या तसं लागू होत नाही, हे मी शेवटच्या दिवशी स्पष्ट सांगते. मराठवाड्यात गावोगाव प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, बाजू उतरत्या. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि पाय टिकत नाही. पोहता येणारा माणूसही काठाशी येऊन वर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही आत घसरतो. म्हणून चारही बाजूंना काठावर पक्की खुंटी ठोकून, हातभर अंतरानं गाठी मारलेला दोर तळापर्यंत सोडून ठेवा, आणि दोराला हवा भरलेली गाडीची जुनी ट्यूब बांधा. गाठी नसतील तर ओला दोर हातातून सुटतो. आजूबाजूला कुंपण आणि बंद होणारं फाटक करा.

कुणी पडलंच तर आत उडी मारू नका. काठापासून मागं, सुक्या जमिनीवर पालथं झोपा आणि साडी, धोतर, ओढणी, बांबू, जे हाताशी असेल ते फेका. नेसूची साडी पाच-साडेपाच मीटर लांब असते, टोकाला गाठ मारून फेकली की लांब जाते. तुमचे पाय दुसऱ्या कुणीतरी धरले पाहिजेत. एकटे असाल तर मागची खुंटी किंवा झाड धरा.

बाहेर काढलेलं माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगणं, पोटावर पालथं टाकून गोल फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यांपैकी काहीही करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जाण्याची भीती वाढते. पाठीवर सपाट झोपवा, एकाला १०८ ला फोन करायला लावा, डोकं मागं करून हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडानं पाच वेळा हवा भरा, छाती उठताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, दोनदा हवा, पुन्हा ३० दाब. दाब मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात सुमारे पाच सेंटिमीटर खोल. बुडण्यात आधी हवा संपलेली असते, म्हणून नुसते दाब देऊन भागत नाही. आणि शुद्धीवर आलेल्या, पण खोकणाऱ्या किंवा धाप लागलेल्या लेकराला घरी नेऊन झोपवू नका. काही तासांत त्रास वाढू शकतो, दवाखान्यात दाखवा.

ताईंच्या भावाच्या शेतात असं एक शेततळं आहे. मागच्या दिवाळीत त्यांनी मला फोटो पाठवला. चार कोपऱ्यांना चार दोर सोडलेले, हातभर अंतरानं गाठी, आणि एका दोराच्या गाठी मुलीनं बांधलेल्या असल्यानं जरा जवळजवळ पडलेल्या.